ठरलेली रक्कम की मोजलेले तास?

निफाड तालुक्यातले एक मध्यम आकाराचे द्राक्ष पॅकहाउस डोळ्यांसमोर आणू. हंगामात रोज पंचवीस-तीस गाड्या येतात. क्रेट उतरतात, वजन होते, प्रतवारी होते, पेट्या भरून माल प्रीकूलिंगला आणि तिथून शीतगृहात जातो, आणि मग कंटेनर न्हावाशेवाच्या वाटेला लागतो. हा सगळा कारभार आजवर वह्यांत आणि एक्सेलमध्ये चालत आला. यंदा ऑगस्टमध्ये मालकाने ठरवले, की जानेवारीत पहिली गाडी आत येईल तेव्हा काट्यापासून कंटेनरपर्यंतची नोंद सॉफ्टवेअरमध्ये व्हायला हवी. पुण्यातल्या दोन छोट्या कंपन्यांकडून त्याने कोटेशन मागवले.

पहिल्या कंपनीने लिहून दिले: एकूण 14 लाख, जीएसटी वेगळा, मुदत चार महिने. दुसरीने एकूण रक्कम लिहिलीच नाही. तिने ताशी दर दिले. टीम लीडचे 1,600 रुपये, डेव्हलपरचे 1,000 आणि टेस्टरचे 700. खाली एकच ओळ होती: सुमारे 1,100 तासांचे काम दिसते, बिल दर महिन्याला झालेल्या तासांप्रमाणे. सगळ्यांचे तास एकत्र धरले तर सरासरी दर हजाराच्या आसपास पडतो, म्हणजे अंदाज 11 लाखांचा झाला.

पहिल्या पद्धतीला या धंद्यात फिक्स्ड प्राइस म्हणतात, दुसरीला टाइम अँड मटेरियल, बोलण्यात नुसते टी अँड एम. ही आकडेमोड नमुन्यादाखल असली, तरी दर आणि तास एखाद्या छोट्या पुणेरी कंपनीच्या कोटेशनमध्ये शोभतील असेच आहेत.

पॅकहाउसच्या मालकाला दोन्ही व्यवहार मनातून ठाऊक असतात. बागेची छाटणी एकरी उक्ती देता येते किंवा रोजाने माणसे लावून करून घेता येते. उक्त्या कामात हात भराभर चालतात आणि मालकाला लक्ष ठेवावे लागते ते छाटणी नीट होते की नाही यावर. रोजाने दिले, तर लक्ष दिवस किती लागतात यावर. फरक इतकाच, की छाटणीला एकर मोजलेला असतो. सॉफ्टवेअरचा एकर कोणी मोजलेला नसतो, आणि पुढची सगळी भांडणे तिथून सुरू होतात.

तर मग 14 आणि 11 यांच्यातले तीन लाख कशाचे? पहिली कंपनी महाग आहे असे पटकन वाटते, पण बहुतेक वेळा तसे नसते. दोघांनीही कामाचे तुकडे पाडून तास मोजलेले असतात. आवक आणि वजनकाटा 220 तास, प्रतवारी आणि पॅकिंग 260, शीतगृहातला साठा 180, शेतकऱ्यांचा हिशेब 200, चाचणी, बसवणे आणि माणसांना शिकवणे 240. बेरीज 1,100. टी अँड एमवाल्याने ती बेरीज तशीच पुढे केली. फिक्स्डवाल्याने तिच्यावर पंचवीस टक्क्यांहून थोडी जास्त भर टाकली, कारण अंदाज चुकला तर वरचे तास त्याच्या खिशातून जाणार आहेत. तीन लाख ही त्या जोखमीची किंमत.

म्हणजे नुसत्या हिशेबाने पाहिले, तर काम 1,400 तासांच्या आत आटोपले की टी अँड एम स्वस्त, त्यापुढे गेले की फिक्स्ड. अनेक सल्लागार इथेच थांबतात. पण हा हिशेब एका गोष्टीवर पडदा टाकतो. फिक्स्ड प्राइसमध्ये विकणारा जोखीम घेतो ती स्वतःच्या अंदाजाची. एखादी खिडकी वीस तासांत होईल असे वाटले आणि चाळीस लागले, तर नुकसान त्याचे. ग्राहकाने सांगितलेच नव्हते किंवा मधेच बदलले, त्याची जोखीम त्याने घेतलेली नसते. आणि पहिल्यांदाच सॉफ्टवेअर करून घेणाऱ्या ग्राहकाच्या कामात तास वाढतात ते बहुतांशी या दुसऱ्या कारणाने.

आपल्या पॅकहाउसचेच पाहा. ऑगस्टमध्ये बसून जो कागद तयार झाला त्यात एक वाक्य होते: ‘प्रत्येक गाडीची आवक शेतकऱ्यानुसार नोंदवली जाईल.’ वाचताना कुणाला काही खटकले नाही. नोव्हेंबरमध्ये पहिली चाचणी झाली तेव्हा आवक पाहणाऱ्या सुपरवायझरने विचारले, की प्लॉट कुठे टाकायचा? युरोपला जाणाऱ्या द्राक्षाची नोंदणी शेतकऱ्याच्या नावापाशी थांबत नाही, ती प्लॉटनिहाय असते. अपेडाच्या ग्रेपनेट यंत्रणेत प्रत्येक नोंदणीकृत बागेला क्रमांक असतो, कीडनाशकाच्या उर्वरित अंशाची तपासणीही त्या त्या प्लॉटच्या नमुन्यावर होते. एका गाडीत एकाच शेतकऱ्याच्या दोन प्लॉटचे क्रेट असले, तर वजनाच्या दोन नोंदी हव्यात, आणि पुढे प्रत्येक पेटीपर्यंत तो क्रमांक जायला हवा. पॅकहाउसमधल्या पोऱ्यालाही हे माहीत होते. इतके माहीत होते, की ते सांगण्यासारखे काही आहे असे ऑगस्टमध्ये कुणाला वाटलेच नाही.

ही दुरुस्ती वरवरची नाही. नोंदींची मांडणीच बदलते, त्यामुळे आवक, पॅकिंग आणि साठा तिन्ही उघडावे लागतात. समजा 90 तास. आता दोन करारांत काय घडते ते बघू.

फिक्स्डच्या करारात विक्रेता चेंज रिक्वेस्ट नावाचा कागद पाठवतो: प्लॉटनिहाय नोंद, 1 लाख 10 हजार, मुदत तीन आठवड्यांनी पुढे. मालक म्हणतो, हे तर आवकेतच धरलेले होते, प्लॉटशिवाय आवक असते का? विक्रेता कागदावरचे वाक्य दाखवतो, ‘शेतकऱ्यानुसार’. दोघेही आपापल्या जागी खरे बोलतात. कागद मात्र विक्रेत्याच्या बाजूने बोलतो. आठ-दहा दिवस ईमेलमध्ये जातात, आणि जानेवारी काही त्यासाठी थांबत नाही. शेवटी निम्म्यावर तडजोड होते, आणि तिथून पुढे विक्रेता प्रत्येक छोट्या मागणीला ‘हे स्कोपमध्ये नाही’ म्हणू लागतो.

टी अँड एममध्ये भांडण होत नाही. टीम लीड वहीत टिपून घेतो आणि सोमवारपासून काम सुरू. ते 90 तास मालकाला भेटतात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, बिलावर, बाकीच्या तासांत मिसळलेले. या पद्धतीचा गुण आणि दोष दोन्ही इथेच आहेत. बदल सहज होतो, म्हणून बदलाची किंमत त्या क्षणी दिसत नाही. आज प्लॉट, उद्या शेतकऱ्याला जाणारा एसएमएस, परवा मालकाच्या मोबाइलवर रोजचा गोषवारा. एकही मागणी गैरवाजवी नसते, तरी 1,100 तासांचे 1,500 कधी झाले ते कळत नाही.

दोन्ही पद्धतींतला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो इन्व्हॉइसवर. वरचा भाग सारखाच असतो: दोघांचे जीएसटी क्रमांक, इन्व्हॉइसचा क्रमांक आणि तारीख, सेवेचा सॅक कोड. सॉफ्टवेअरची रचना आणि बांधणी यांसाठी तो साधारणपणे 998314 असतो. कर 18 टक्के. पुण्याची कंपनी आणि निफाडचा ग्राहक असेल तर 9 टक्के केंद्राचा आणि 9 टक्के राज्याचा. हेच पॅकहाउस मडगावला असते तर पुरता 18 टक्के आयजीएसटी लागला असता. खरा फरक मधल्या ओळींत असतो. फिक्स्डचे इन्व्हॉइस सांगते की एक घटना घडली. टी अँड एमचे सांगते की इतका वेळ खर्च झाला. म्हणून पहिल्यावर वाद होतो तो काम झाले की नाही याचा, आणि दुसऱ्यावर, इतके तास लागायला हवे होते का याचा.

फिक्स्डची 14 लाखांची रक्कम माइलस्टोनमध्ये वाटलेली असते. आपल्या करारात ती अशी आहे: सुरुवातीला 2 लाख 80 हजार आगाऊ, गरजांच्या कागदावर सही झाली की 2 लाख 10 हजार, आवक आणि प्रतवारी चालू झालेली दाखवली की साडेतीन लाख, पॅकहाउसच्या माणसांनी स्वतः चाचणी घेऊन मान्य केले की आणखी साडेतीन लाख, प्रत्यक्ष वापर सुरू झाला की 1 लाख 40 हजार, आणि त्यानंतर तीन महिने दुरुस्त्या करून दिल्यावर उरलेले 70 हजार. तिसऱ्या माइलस्टोनचे इन्व्हॉइस एका ओळीचे असते: ‘करारातील माइलस्टोन 3, आवक व प्रतवारी, स्वीकृतिपत्राप्रमाणे, 3,50,000.’ जीएसटी 63,000, एकूण 4,13,000. तांत्रिक सेवेवर ग्राहक 2 टक्के टीडीएस कापतो, तोही जीएसटी सोडून मूळ रकमेवर, कारण जीएसटी इन्व्हॉइसवर वेगळा दाखवलेला आहे. 7,000 कापले जातात, खात्यात 4,06,000 येतात. किती माणसांनी किती तास काम केले, हे या कागदावर नसते आणि ते विचारण्याचा अधिकारही ग्राहकाला नसतो.

त्या एका ओळीचे सगळे वजन स्वीकृतिपत्रावर असते. म्हणून माइलस्टोन कसा लिहिला आहे त्यावर सारे ठरते. ‘डेव्हलपमेंट 80 टक्के पूर्ण’ हा माइलस्टोन काही कामाचा नाही, कारण 80 टक्के कुणालाच दाखवता येत नाहीत. दोन महिने काम नव्वद टक्क्यांवर अडकून बसलेले ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे पटेल. ‘गेटवरच्या काट्याला जोडून एका दिवसात 25 गाड्यांची आवक नोंदवली, पावत्या छापल्या आणि संध्याकाळची बेरीज वहीशी जुळली’ हा माइलस्टोन मात्र सुपरवायझरसुद्धा तपासू शकतो.

स्वीकृतीच्या तारखेला कायद्याचेही धागे अडकलेले आहेत. काम तीन महिन्यांहून अधिक चालणारे आणि पैसे टप्प्याटप्प्याने देण्याचे असेल, तर जीएसटी कायदा त्याला सलग पुरवठ्याची सेवा मानतो. पैसे एखाद्या घटनेला बांधलेले असतील, तर ती घटना पूर्ण होण्याच्या दिवशी किंवा त्याआधी इन्व्हॉइस निघाले पाहिजे. ग्राहक सही करायला टाळाटाळ करतो म्हणून विक्रेता इन्व्हॉइस लांबवत बसला, तर ‘घटना’ नक्की केव्हा घडली हा प्रश्न कर अधिकारी विचारू शकतो. आगाऊ रकमेचेही असेच. मालासाठीच्या आगाऊ रकमेवर आता जीएसटी लागत नाही, पण सेवेच्या आगाऊ रकमेवर पैसे हातात येताच लागतो. त्या 2 लाख 80 हजारांबरोबर 50,400 रुपये कर आला पाहिजे आणि विक्रेत्याने पावती, म्हणजे रिसीट व्हाउचर, दिले पाहिजे. ही आगाऊ रक्कम पुढच्या माइलस्टोनमधून वळती होणार असेल, तर तिच्यावर दुसऱ्यांदा कर लागलेला नाही ना, हे ग्राहकाच्या हिशेबनिसाने पाहावे. छोट्या कंपन्यांत ही चूक होते.

विक्रेता उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघुउद्योग असेल तर आणखी एक घड्याळ चालू होते. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पैसे 45 दिवसांच्या पलीकडे नेता येत नाहीत. काम मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ते स्वीकारले असे धरले जाते. ‘जरा बघून सांगतो’ असे फोनवर सांगून महिनाभर गप्प बसणाऱ्या ग्राहकाने कायद्याच्या दृष्टीने काम स्वीकारलेले असते.

आता टी अँड एमचे सप्टेंबरचे इन्व्हॉइस. ते असे दिसते:

टीम लीड, 40 तास × 1,600 = 64,000
डेव्हलपर 1, 168 तास × 1,000 = 1,68,000
डेव्हलपर 2, 152 तास × 1,000 = 1,52,000
टेस्टर, 60 तास × 700 = 42,000
क्लाउड सर्व्हरचे भाडे, प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे = 9,500
एकूण = 4,35,500
जीएसटी 18 टक्के = 78,390
देय रक्कम = 5,13,890

मूळ रकमेवर 2 टक्के टीडीएस कापून विक्रेत्याच्या खात्यात 5,05,180 जमा होतात. सर्व्हरची ओळ म्हणजे ‘मटेरियल’. त्यात प्रवास, एसएमएसचे पैसे, विकत घेतलेले लायसन्स असे काहीही येऊ शकते, म्हणून कोणता खर्च आधी विचारून करायचा हे करारात लिहिलेले बरे. ‘आम्ही फक्त भरपाई घेतो, त्यावर जीएसटी कशाला’ असा प्रश्न ग्राहक हमखास विचारतो. पण विक्रेत्याने स्वतःच्या नावाने घेतलेला सर्व्हर हा त्याच्या सेवेचाच भाग असतो आणि त्यावर कर लागतो. सर्व्हर पॅकहाउसच्याच नावाने घेतला असता तर ही ओळच आली नसती, आणि शिवाय माहितीची चावी आपल्या हातात राहिली असती.

या इन्व्हॉइसमागे टाइमशीट जोडलेली असते, आणि खरे वाचायचे ते तीत असते. तारीख, माणूस, काम, तास. चांगल्या टाइमशीटमध्ये ‘12 सप्टेंबर, काट्याचा आकडा थेट वाचताना दशांश चिन्ह चुकत होते ते दुरुस्त, साडेतीन तास’ अशा ओळी असतात. वाईट टाइमशीटमध्ये महिनाभर ‘डेव्हलपमेंट, 8 तास’ असे एकाखाली एक छापलेले असते. रोज बरोब्बर आठ तास कुणाचेच भरत नाहीत. अशी टाइमशीट महिनाअखेरीस एका बैठकीत भरलेली असते. आणखी काही खुणा आहेत. मधेच डेव्हलपर बदलला आणि नव्याला काम समजून घ्यायला लागलेले तीस तासही बिलात आले. दर अनुभवी माणसाचा, प्रत्यक्षात काम शिकाऊ मुलाने केलेले. चार जणांनी एक तास बसून घेतलेली बैठक चार तास म्हणून लागली. ही शेवटची गोष्ट नियमाला धरून आहे, पण रोज होत असेल तर विचारायला हरकत नाही.

सर्वांत नाजूक प्रश्न चुकांचा. विक्रेत्याने लिहिलेल्या कोडमध्ये दोष निघाला तर तो काढायचे तास कोणाचे? फिक्स्डमध्ये उत्तर सोपे आहे, विक्रेत्याचे. टी अँड एममध्ये करारात काही लिहिले नसेल, तर ग्राहकाचेच. म्हणजे जितक्या चुका तितके बिल मोठे. शहाणे ग्राहक कलम घालून घेतात, की मान्य झालेल्या कामात ठरावीक मुदतीत निघालेले दोष बिलाविना दुरुस्त होतील. दुसरे कलम कमाल मर्यादेचे: अमुक रकमेपलीकडे लेखी मंजुरीशिवाय एक तासही लागणार नाही, आणि त्या रकमेचे 75 टक्के खर्च झाले की विक्रेता आपणहून कळवेल.

अमेरिकेच्या सरकारी खरेदीचे नियम या बाबतीत फार स्पष्ट राहिले आहेत. कामाचा आवाका किंवा मुदत आधी नीट सांगता येत नसेल तेव्हाच टाइम अँड मटेरियल वापरा, आणि तेव्हाही करारात कमाल रक्कम घाला. कारण या पद्धतीत विक्रेत्याला खर्च आवरण्याचे कारणच नसते, असा त्यांचा रोख. ओरेगॉन राज्याला याची प्रचिती आली. आरोग्य विमा विकत घेण्यासाठी राज्याने ‘कव्हर ओरेगॉन’ नावाचे संकेतस्थळ ओरॅकलकडून बांधून घेतले, बऱ्याच अंशी तासांच्या बिलावर, आणि सगळे तुकडे जोडून घेण्याची जबाबदारी कुणा बाहेरच्या कंत्राटदारावर न टाकता राज्याने स्वतःकडेच ठेवली. ऑक्टोबर 2013 मध्ये ते सुरू व्हायचे होते. नागरिकांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऑनलाइन विमा घेता येईल अशा स्थितीत ते आलेच नाही, आणि एप्रिल 2014 मध्ये राज्याने केंद्राच्या संकेतस्थळाचा आसरा घेण्याचे ठरवले. दोन्ही बाजू कोर्टात गेल्या. 2016 मध्ये तडजोड झाली, तिचे मूल्य 10 कोटी डॉलरहून जास्त सांगितले गेले. राज्याचे म्हणणे ओरॅकलने फसवले, ओरॅकलचे म्हणणे राज्याला काय हवे ते कधी ठरवताच आले नाही. तासांची बिले मात्र दोन्ही बाजूंच्या डोळ्यांदेखत निघत आणि फेडली जात होती. दर महिन्याच्या इन्व्हॉइसबरोबर ‘आज काय चालू स्थितीत आहे’ हे पाहणारा माणूस ग्राहकाकडे नसेल, तर टी अँड एम घेऊच नये, असा त्याचा सरळ अर्थ निघतो.

मग पॅकहाउसने फिक्स्ड घ्यावे का? मालकाचा एक गैरसमज आधी दूर करावा लागेल. रक्कम पक्की म्हणजे तारीख पक्की नव्हे. उशिराबद्दल दंडाचे कलम असते, दर आठवड्याला अर्धा टक्का, कमाल पाच टक्के, असे काहीसे. 14 लाखांचे पाच टक्के म्हणजे 70 हजार. हंगाम वह्यांवर काढावा लागला तर त्या रकमेने काय भरून येणार? आणि तोट्यात गेलेला विक्रेता काय करतो हेही माहीत असावे. तो पळून जात नाही. चांगला डेव्हलपर दुसऱ्या कामावर हलवतो, चाचणीचे तास कापतो, आणि कागदातल्या शब्दाला शब्द लावून काम संपवतो.

मोठ्या कंपन्यांचाही जीव या फरकात गुंतलेला असतो. इन्फोसिसच्या आर्थिक अहवालात फिक्स्ड प्राइस आणि टाइम अँड मटेरियल यांचे उत्पन्न वेगळे दाखवलेले असते. तासांवरचे उत्पन्न काम होईल तसतसे नोंदले जाते. ठरलेल्या रकमेचे काम किती टक्के झाले याचा अंदाज करून त्या प्रमाणात नोंदावे लागते, मग त्या टप्प्याचे इन्व्हॉइस निघालेले असो वा नसो. काम झाले पण बिल निघाले नाही, तर ते ‘अनबिल्ड रेव्हेन्यू’; बिल आधी निघाले आणि काम बाकी, तर ‘अनअर्न्ड रेव्हेन्यू’. आपल्या छोट्या पुणेरी कंपनीला हे शब्द लागत नाहीत, पण नोव्हेंबरमध्ये स्वीकृतीची सही अडली की पगाराच्या तारखेला तिला हीच गोष्ट भोगावी लागते.

या विशिष्ट कामासाठी आमचे मत असे, की एकच पद्धत लावण्याचा हट्ट सोडावा. पहिले तीन आठवडे टी अँड एम, कमाल मर्यादा दीड लाख. या काळात टीम लीडने पॅकहाउसमध्ये येऊन बसावे. ऑगस्टमध्ये हंगाम नसतो, म्हणून गेल्या वर्षीच्या वह्या, काट्याच्या पावत्या आणि पेट्यांवरची लेबले समोर घ्यावीत. प्लॉटचा प्रश्न पहिल्याच दिवशी, लेबल हातात घेताच निघाला असता. या तीन आठवड्यांतून जो कागद निघेल तो ग्राहकाच्या मालकीचा असावा, म्हणजे तो घेऊन दुसऱ्या कंपनीकडेही जाता येईल. मग जे भाग आता नीट माहीत झाले, आवक, पॅकिंग, साठा, ते फिक्स्डमध्ये द्यावेत. नीट मोजलेल्या कामावर विक्रेताही जोखमीची भर कमी टाकतो. शेतकऱ्यांचा हिशेब मात्र दर हंगामी बदलणारा प्रकार आहे: मण्याचा आकार, नाकारलेला माल, आगाऊ उचल, वाहतूक कोणाची. तो भाग महिना ठरावीक तासांची मर्यादा घालून टी अँड एमवर ठेवावा. इन्व्हॉइसही दोन वेगळी निघावीत. एकाच बिलात माइलस्टोन आणि तास मिसळले, तर फिक्स्ड भागातल्या चुका निस्तरण्याचे तास दुसऱ्या भागात गुपचूप सरकतात, आणि ते शोधणे अवघड होते.

पैसे आणि तारखा ठरल्या की करारातले एक कलम बहुधा घाईत राहते, ते कोडच्या मालकीचे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरच्या कंपनीने लिहिलेल्या प्रोग्रॅमचा हक्क पैसे दिल्याने आपोआप ग्राहकाकडे येत नाही. तो लेखी करून द्यावा लागतो, आणि त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. फिक्स्डच्या करारात हक्क सहसा शेवटचा हप्ता दिल्यावर मिळतो. म्हणजे ते उरलेले 70 हजार वादात अडकले, तर 13 लाख 30 हजार देऊनही कोड विक्रेत्याचाच राहू शकतो. टी अँड एममध्ये ज्या इन्व्हॉइसचे पैसे दिले त्यातल्या कामाचा हक्क त्याच दिवशी ग्राहकाकडे, असे लिहून घेता येते. पॅकहाउसने दोन्ही भागांसाठी हे दुसरे शब्द मागावेत, आणि कोड पहिल्या दिवसापासून पॅकहाउसच्या नावावरच्या गिट खात्यात रोज जमा व्हावा, अशी अट घालावी.